फॉलोअर्स अडले आहेत? आधी येणारे आणि जाणारे वेगळे मोजा

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मराठीतून इन्स्टाग्राम पेज चालवणाऱ्या अनेकांची तक्रार सारखीच असते. पेज जुने आहे, पोस्ट नियमित पडतात, पण फॉलोअर्सचा आकडा महिनोन्महिने तसाच राहतो. आज आपण एक काल्पनिक पेज घेऊन त्याचा हिशेब मांडू.

समजा, जांबोटी, कणकुंबी आणि चोर्ला घाट या परिसरावरचे हे पेज आहे आणि त्याचे 6,200 फॉलोअर्स ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत जवळजवळ हललेले नाहीत. प्रोफेशनल अकाउंटच्या इनसाइट्समध्ये नवे फॉलो आणि अनफॉलो वेगळे दिसतात. ते उघडल्यावर कळते की या तीन महिन्यांत 300 लोक आले आणि 290 गेले. म्हणजे पेजकडे कोणी फिरकतच नाही असे नाही. आलेली माणसे टिकत नाहीत. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण लोक येतच नसतील तर पोहोच वाढवावी लागते आणि येऊन जात असतील तर पेजवर काय दिसते ते बदलावे लागते.

आता त्या तीन महिन्यांतल्या 40 पोस्ट एका वहीत उतरवा. प्रत्येकीपुढे विषय, फॉलोअर नसलेल्या किती जणांपर्यंत ती पोहोचली, किती जणांनी ती पुढे पाठवली आणि त्या पोस्टवरून किती फॉलो आले, एवढेच लिहा. लाइक्सचा रकाना मी मुद्दाम वगळतो. इन्स्टाग्रामचे प्रमुख अॅडम मोसेरी यांनी जानेवारी 2025 मध्ये सांगितले होते की लाइक्सचे वजन आधीच्या फॉलोअर्सपर्यंत पोहोचताना अधिक असते, तर अनोळखी लोकांपर्यंत पोहोचताना पोस्ट पुढे पाठवली जाण्याला अधिक महत्त्व असते.

आपल्या पेजवर 16 पोस्ट सणांच्या आणि वाढदिवसांच्या शुभेच्छांच्या निघाल्या. त्यांना लाइक्स भरपूर मिळाले, कारण ते ओळखीच्या लोकांनी दिले होते. फॉलो मात्र एकही आला नाही. धबधब्यांच्या 14 रील्स 90,000 अनोळखी लोकांपर्यंत गेल्या आणि 200 फॉलो आले. घाटातल्या रस्त्याची स्थिती, बसच्या वेळा, राहण्या-जेवणाची सोय अशा माहितीच्या 10 पोस्ट 10,000 लोकांपर्यंतच पोहोचल्या, तरी त्यांनी 60 फॉलो आणले. हजारी हिशेब केला, तर धबधब्यांमागे दोनाहून थोडे अधिक आणि माहितीमागे सहा फॉलो पडतात. उरलेले 40 जण शोधातून किंवा इतर मार्गांनी आले.

मग गेले कोण? कोणती पोस्ट पाहून आलेला माणूस गेला हे इन्स्टाग्राम सांगत नाही, त्यामुळे फक्त तारखा जुळवून अंदाज करावा लागतो. या पेजवरचे बहुतेक अनफॉलो पाऊस ओसरल्यावरचे आहेत. धबधब्यासाठी आलेल्याला ऑक्टोबरात शुभेच्छांची चित्रे दिसू लागली आणि तो निघून गेला, असे मानायला जागा आहे. म्हणून शुभेच्छा स्टोरीत हलवाव्यात, कारण स्टोरी मुख्यतः आपलेच फॉलोअर्स पाहतात. प्रोफाइलच्या वरच्या बाजूला तीन पोस्ट पिन करता येतात. तिथे बारमाही उपयोगाची माहिती ठेवावी, म्हणजे पावसाळी पाहुण्याला थांबण्याचे कारण दिसेल.

सहकार्याच्या बाबतीत मोठ्या पेजचा मोह फार असतो. कोलॅब पोस्ट समोरच्याने निमंत्रण स्वीकारले की दोन्ही प्रोफाइलवर दिसते आणि तिचे लाइक्स व कमेंट्स सामाईक राहतात. पण लाखभर फॉलोअर्स असलेल्या पुण्यातल्या प्रवास पेजचा प्रेक्षक चोर्ल्याला बहुधा एकदाच येतो. त्यापेक्षा बेळगावातल्या दुचाकीस्वारांचे लहान पेज किंवा घाटाखालच्या सत्तरी तालुक्यातले खाद्यपेज अधिक उपयोगाचे, कारण त्यांची माणसे हा रस्ता वारंवार वापरतात. जोडीदार कन्नड पेज असेल, तर रीलवरचा मजकूर कन्नडमध्येही द्यावा. आपल्याकडे मराठी ऐकून समजणारे अनेक कन्नड भाषक देवनागरी सहज वाचत नाहीत, ही गोष्ट मराठी पेजवाले हमखास विसरतात. कोलॅबचा परिणाम त्याच दिवशीच्या उसळीवर न जोखता दोन आठवड्यांनी निव्वळ वाढ किती उरली ते पाहावे.

पोस्टच्या वेळेवर मी सर्वांत कमी वेळ घालवेन. फॉलोअर्स कोणत्या वेळी अधिक सक्रिय असतात ते इनसाइट्समध्ये पाहून एक वेळ ठरवावी आणि पुढे जावे. रोजची पोस्ट रेटण्यासाठी शुभेच्छांची भर पडत असेल, तर आठवड्याला चार पोस्ट पुरेत. मात्र विषय, कोलॅब आणि वेळ एकाच आठवड्यात बदलल्यास कशाने फरक पडला हे कळणार नाही. एक बदल करून चार आठवडे थांबावे. तुलनाही मागच्या महिन्याशी न करता मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी, नाहीतर पाऊस संपल्याची घट आपण आपल्या बदलाच्या माथी मारू. त्यासाठी मागच्या वर्षीचे आकडे हाताशी हवेत, म्हणून दर महिनाअखेरीस नवे फॉलो आणि अनफॉलो त्याच वहीत तारखेसह लिहून ठेवा.