लेखनिक हवा असेल तर फॉर्म भरतानाच सांगा

श्रोतेहो, नमस्कार.

प्रवेश परीक्षांचे फॉर्म सुटायला लागले की पुण्यातल्या घराघरांत फोटोचा आकार किती, सही कुठे स्कॅन करायची, याची धावपळ सुरू होते. आज मी त्या फॉर्ममधल्या दोनच रकान्यांबद्दल बोलणार आहे. एक दिव्यांगत्वाचा आणि दुसरा लेखनिकाचा. लेखनिक म्हणजे आपण ज्याला रायटर म्हणतो तो.

आमच्या सोसायटीत एक मुलगी आहे. हुशार, वाचलेलं पक्कं लक्षात राहतं, पण तिला अध्ययन अक्षमता आहे. लिहायला बसली की हात अडतो आणि कागदावरचे आकडे तिच्या डोळ्यांसमोर जागा बदलतात. ६३ चे ३६ होतात. दहावीला बोर्डाच्या सवलतीत तिला रायटर, जादा वेळ आणि साधा कॅल्क्युलेटर मिळाला होता. त्यामुळे बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षेलाही हे सगळं आपोआप मिळेल, असं घरच्यांनी धरून ठेवलं होतं. तसं होत नाही. पुन्हा सांगते, तसं होत नाही. बोर्डाची सवलत बोर्डापुरती. प्रवेश परीक्षा घेणारी संस्था वेगळी असते, तिचा फॉर्म वेगळा असतो आणि मागणी नव्याने नोंदवावी लागते.

शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री वडील फॉर्म भरत होते. दिव्यांग आहात का, याला त्यांनी ‘हो’ केलं. लेखनिक हवा का, याला ‘नाही’. परीक्षा संगणकावर आहे, लिहायचं काहीच नाही, मग रायटर कशाला, असा त्यांचा विचार. पैसे भरण्याआधी सगळी माहिती एकत्र दाखवणारं पान येतं, त्याची त्यांनी प्रिंट काढली आणि आजींनी ती चष्मा लावून ओळीनं मोठ्यानं वाचायला घेतली. मध्येच थांबल्या. “अरे, इथं लेखनिकापुढं ‘नाही’ छापलंय. मग हिला प्रश्न वाचून कोण दाखवणार?”

आजींचा मुद्दा अगदी बरोबर होता. संगणकावरच्या परीक्षेत लेखनिक प्रश्न वाचून दाखवतो, सांगितलेला पर्याय निवडतो आणि सांगितलेलं कच्चं काम कागदावर मांडतो. रकाना बदलला आणि मगच पैसे भरले. घरातल्या दुसऱ्या माणसाने फॉर्म मोठ्याने वाचावा, हे माझं फार जुनं मत आहे. भरणाऱ्याच्या डोळ्यांना स्वतःची चूक दिसत नाही.

मग रायटरचा शोध. मोठा भाऊ इंजिनीअरिंगला, तो तयारच होता. पण तो चालत नाही. २०१८ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे स्वतःचा लेखनिक आणायचा तर त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली लागायचं. शेवटी खालच्या मजल्यावरचा दहावीतला मुलगा कबूल झाला. आता गंमत ऐका. पहिल्या सरावात त्याने वाचलं, “एक छेद एक्स अधिक दोन.” हिने उत्तर काढलं, ते चुकलं. का? छेदात नुसता एक्स आहे आणि दोन बाहेर आहेत, की एक्स अधिक दोन हे सगळंच छेदात आहे? कागदावर नजर टाकली की कळतं, कानाला कळत नाही. दोघांनी मिळून बोलण्याची रीत ठरवली. “एक छेद, कंस सुरू, एक्स अधिक दोन, कंस पुरा.” प्रत्येक चिन्हाचं नावही ठरवलं, कारण दहावीतल्या मुलाने इंटिग्रलचं चिन्ह पाहिलेलं नसतं. आकडे एकेक करून वाचायचे, त्रेसष्ट नाही, “सहा, तीन”. रोज संध्याकाळी जिन्यात बसून दोघं हे घोकायची, येणारीजाणारी माणसं बाजूने वाट काढायची. वाढीव वेळ खरा इथे खर्च होतो, वाचण्यात आणि परत वाचण्यात.

त्या वेळेचा हिशोब सोपा आहे. ताशी किमान २० मिनिटं. तीन तासांच्या पेपरला ६० मिनिटं, म्हणजे एकूण चार तास. अडीच तासांच्या पेपरला ५० मिनिटं. लेखनिकाला पात्र असूनही ज्याने तो घेतला नाही, त्यालाही हा वेळ मिळतो. लक्षात ठेवा, ताशी २० मिनिटं.

परीक्षेच्या दिवशी मुलीने बसल्याबसल्या पडद्यावरचं घड्याळ पाहिलं. २४० मिनिटं दिसायला हवी होती, ती दिसली. १८० दिसली असती तर सुरुवात करण्याआधीच हात वर करायचा, हे घरी ठरलेलं होतं. कारण नंतर भरपाई जवळपास अशक्य असते. २०२१ च्या नीट परीक्षेत डिसग्राफिया म्हणजे लिहिण्याची अक्षमता असलेल्या एका विद्यार्थिनीला तिचा हक्काचा एक तास केंद्रावर मिळाला नाही. ती सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने तिच्यावर अन्याय झाल्याचं मान्य केलं, पण पुन्हा परीक्षा घ्यायला सांगितलं नाही.

कॅल्क्युलेटरचं मात्र कटू सत्य आहे. बोलणारा कॅल्क्युलेटर वापरायची मुभा तिथेच असते, जिथे त्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालतो. जेईई मेन आणि नीटला तो कोणालाच चालत नाही, म्हणून सवलतीतही मिळत नाही. गेटमध्ये पडद्यावरचा कॅल्क्युलेटर सगळ्यांनाच असतो. तेव्हा अकरावीपासूनच सराव कॅल्क्युलेटरशिवाय हवा. रायटरने आकडेमोड करून द्यायची नसते, त्याने फक्त सांगितलेली पायरी लिहायची. पावकी, निमकी, दीडकी घरांतून गेली याचं मला खरंच वाईट वाटतं. आमच्या आजोळी धान्य मोजतामोजता मुलं निमकी म्हणायची. असो.

आता सगळ्यात जास्त अडतं ते प्रमाणपत्रापाशी. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठव्या वर्षानंतर मिळतं, चौदाव्या वर्षी आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होते. अठराव्या वर्षीचं कायमचं. म्हणजे नेमक्या फॉर्मच्या सुमाराला जुन्या कागदाची मुदत संपायला येते. मुदतीची तारीख आज रात्रीच पाहा. नवीन कागदासाठी केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करावा लागतो, मग ससून किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयासारख्या ठिकाणी तपासणी, आणि ही तपासणी एका बैठकीत उरकेलच असं नाही. दिव्यांगत्व ४० टक्क्यांपेक्षा कमी असलं तरी लिहिण्यात अडचण असेल तर दार बंद नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं आणि त्यानंतर २०२२ मध्ये तशा सूचनाही निघाल्या. मात्र लिहिण्यात अडचण आहे, असं सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याचं ठराविक नमुन्यातलं पत्र त्यासाठी लागतं.

लेखनिक संस्थेनेच द्यावा, याकडे आता नियमांचा रोख आहे. म्हणून मागच्या वर्षी शेजाऱ्यांनी काय केलं, यावर जाऊ नका. या वर्षीच्या माहितीपत्रकात लेखनिकाचं पान शोधा. दुरुस्तीच्या मुदतीत कोणते रकाने उघडतात, तेही त्यातच दिलेलं असतं. ज्याने पैसेच भरले नाहीत, त्याच्यासाठी ती मुदत नसते. नमस्कार.