पत्ता असेल तर लिंक, काम असेल तर बटण

मंडळी, रविवारची सकाळ मोडून तुम्ही आलात, त्यामुळे प्रस्तावना न करता एका पानापासूनच सुरुवात करतो. पुण्यातल्या एका हौशी नाट्यसंस्थेसाठी मी तिकीटविक्रीचं संकेतस्थळ बांधलं होतं. प्रयोगांची यादी, प्रेक्षागृहातल्या खुर्च्यांचा नकाशा, निवडलेल्या खुर्च्या, त्याखाली नाव आणि मोबाइल क्रमांक, शेवटी ‘पैसे भरा’. निवडलेल्या प्रत्येक खुर्चीपुढे ‘काढून टाका’ असे शब्द होते, आणि ते मी असे लिहिले होते:

```html
<a href="#" onclick="kadha('C14')">काढून टाका</a>
```

माउसने सगळं ठीक चालत होतं. मग कोथरूडच्या एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. त्यांना दिसत नाही, ते स्क्रीन रीडर वापरतात. ते म्हणाले, “चार खुर्च्या घेतल्यात, एक काढायची आहे. पण तिथे ‘लिंक’ असं ऐकू येतंय. दाबलं तर मी दुसऱ्या पानावर जाणार आणि उरलेल्या तीनही जाणार, असंच ना?”

त्यांची शंका रास्त होती. ‘लिंक’ हा शब्द ऐकला की माणूस प्रवासाची तयारी करतो: आहे ते पान सुटणार, नवं येणार. ‘बटण’ ऐकलं की तो जागेवर थांबतो, कारण आता इथेच काहीतरी घडणार असतं. स्क्रीन रीडर हा शब्द रंगावरून किंवा आकारावरून ठरवत नाही, आपण कोणता टॅग लिहिला त्यावरून ठरवतो. मी चुकीचा टॅग लिहिला, आणि यंत्राने माझी चूक त्यांना इमानेइतबारे वाचून दाखवली.

डोळे असलेल्यांनाही त्या ओळीचा त्रास होताच. ज्यांना मनगटाच्या दुखण्यामुळे माउस चालत नाही, ते टॅब की दाबत दाबत तिथे पोचतात आणि सवयीने स्पेस दाबतात. बटणावर एंटर आणि स्पेस दोन्ही चालतात, लिंकवर फक्त एंटर. लिंकवर स्पेस दाबला की पान खाली सरकतं, खुर्ची तशीच राहते. शिवाय `href="#"` म्हणजे पानाचा माथा. स्क्रिप्टने ती उडी अडवली नाही, तर खुर्ची काढताक्षणी पान वर जातं, पत्त्याच्या शेवटी `#` चिकटतो आणि ब्राउझरचं ‘मागे’ एकदा दाबून माणूस त्याच पानावर राहतो.

म्हणून मी स्वतःला आता एकच प्रश्न विचारतो: या शब्दामागे पत्ता आहे का? असा पत्ता, जो व्हॉट्सॲपवर बहिणीला पाठवला तर तिला तेच पान उघडेल. ‘शनिवारचा प्रयोग’ याला पत्ता आहे. ‘सी १४ काढून टाका’ याला पत्ता नाही, ते काम आहे.

काम असलेल्या गोष्टीला पत्ता दिला तर काय होतं, हे २००५ साली गूगलच्या वेब ॲक्सिलरेटरने दाखवलं. पानं लवकर उघडावीत म्हणून ते पानावरच्या लिंका वापरणाऱ्याने दाबण्याआधीच मागवून ठेवायचं. काही संकेतस्थळांवर ‘डिलीट’ ही साधी लिंक होती. तीही मागवली गेली, आणि लोकांच्या नोंदी पुसल्या गेल्या. त्या साधनाने नियम मोडला नव्हता. एचटीटीपीमध्ये गेट ही विनंती फक्त वाचण्यासाठी आहे, तिने काही बदलू नये, हे आधीपासून लिहिलेलं होतं. म्हणून ‘लॉग आउट’सुद्धा मी फॉर्ममधलं बटण म्हणून, बदल करणाऱ्या पोस्ट या विनंतीने पाठवतो.

आता दुरुस्तीकडे येऊ, कारण दुरुस्तीत मी आणखी एक चूक केली आणि ती पहिलीपेक्षा मोठी होती. मी `a`च्या जागी `button` लिहिलं आणि समाधानाने झोपलो. दुसऱ्या दिवशी तक्रार आली: मोबाइल क्रमांक टाकून एंटर दाबलं की पहिली खुर्ची गायब होते.

कारण समजून घ्या. फॉर्मच्या आत असलेल्या बटणाला `type` दिला नाही, तर ते आपोआप `submit` ठरतं. आणि मजकुराच्या रकान्यात एंटर दाबलं, की ब्राउझर फॉर्ममधलं पहिलं सबमिट बटण शोधून ते स्वतःच दाबतो. खुर्च्यांची यादी फॉर्ममध्ये सगळ्यात वर होती, तेव्हा पहिलं बटण ‘पैसे भरा’ नव्हतं, ‘काढून टाका’ होतं. म्हणजे एंटर दाबताच खुर्ची निघत होती. उपाय दोन शब्दांचा:

```html
<button type="button" onclick="kadha('C14')">
  सी १४ काढून टाका
</button>
```

बटणात खुर्चीचं नावही घातलं आहे, ते बघा. चार वेळा नुसतं ‘काढून टाका, बटण’ ऐकणाऱ्याने कुठली खुर्ची कशी ओळखायची? आणखी एक गोष्ट उरते. बटण दाबल्यावर ती ओळच पानातून जाते, तिच्याबरोबर कीबोर्डचा फोकसही हरवतो. तो आपण स्क्रिप्टने पुढच्या खुर्चीच्या बटणावर ठेवायचा, खुर्च्या संपल्या असतील तर यादीच्या मथळ्यावर. त्या मथळ्याला `tabindex="-1"` लागेल, नाहीतर फोकस तिथे बसणारच नाही.

उलटी चूकही मी पाहतो, आणि ती हल्ली जास्त दिसते. यादीतल्या प्रत्येक नाटकाखाली ठळक पिवळ्या चौकोनात ‘तिकीट काढा’. चित्रात ते बटणासारखं आहे, म्हणून करणारा `button` लिहितो आणि आत `location.href`. आता आपल्याकडची रीत आठवा. घरातली पाच माणसं, कुणाला शनिवार जमतो, कुणाला रविवार दुपार. लोक तीन प्रयोग तीन टॅबमध्ये उघडतात, जागा बघतात, त्यातला एक पत्ता घरच्या ग्रुपवर टाकतात. बटणावर कंट्रोल धरून क्लिक केलं तरी नवा टॅब येत नाही, उजव्या क्लिकवर ‘लिंक कॉपी करा’ मिळत नाही. ते `a` असावं, खऱ्या `href`सह, आणि पिवळा चौकोन सीएसएसने द्यावा. दिसणं सीएसएसकडे, वागणं टॅगकडे. फोनवर मदत करणारा मात्र ‘पिवळं बटण दाबा’ म्हणेल आणि न बघणाऱ्याला तिथे लिंक सापडेल. म्हणून मदत करणाऱ्यांना मी ‘तिकीट काढा असं लिहिलंय ते’ असं सांगायला शिकवलं.

‘पैसे भरा’वर नेहमी वाद होतो, कारण दाबल्यावर पान बदलतं. तरी ते बटणच. पान बदलणं हा परिणाम आहे, आधी नाव, क्रमांक आणि खुर्च्या सर्व्हरकडे जातात, जागा धरली जाते. ते पाऊल कुणाला पत्ता म्हणून पाठवता येत नाही. पैसे भरल्यानंतरचं ‘तिकीट उतरवून घ्या’ मात्र लिंक, कारण तिथे एक फाइल आहे आणि तिला पत्ता आहे.

‘आणखी प्रयोग दाखवा’ याचं उत्तर बांधणीवर ठरतं. त्याच यादीत खाली दहा प्रयोग जोडले जात असतील आणि पत्ता तोच राहत असेल, तर बटण. दुसऱ्या पानाला `?pan=2` असा स्वतःचा पत्ता असेल, तर लिंक. मी दुसरं निवडतो, कारण नाटकाचं पान बघून ‘मागे’ आलेल्या माणसाला त्याची यादी होती तिथेच सापडते.