गच्चीवरची दोन पॅनेलं: सिरीज की पॅरलल?

मंडळी, उदाहरण एकच घेऊ. शंभर वॉटची दोन सारखी पॅनेलं, छत्तीस सेलची, आणि बारा व्होल्टची बॅटरी. पॅनेलच्या मागच्या लेबलवर साधारण हे आकडे दिसतील: उघड्या टोकांना २२ व्होल्ट, काम करताना १८ व्होल्ट आणि साडेपाच अँपिअर. सिरीजमध्ये जोडली तर ३६ व्होल्ट आणि साडेपाच अँपिअर. पॅरललमध्ये १८ व्होल्ट आणि अकरा अँपिअर. वॉट दोन्हीकडे तेवढेच. मग फरक कुठे पडतो? पॅनेल आणि बॅटरीच्या मध्ये बसून चार्जिंग सांभाळणाऱ्या कंट्रोलरमध्ये. तो दोन प्रकारचा असतो: पीडब्ल्यूएम आणि एमपीपीटी.

पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनेल जवळजवळ थेट बॅटरीला जोडतो. बॅटरी तेरा व्होल्टला असेल, तर पॅनेललाही तेराच्या आसपास खाली यावं लागतं. पॅरललमध्ये अकरा गुणिले तेरा, म्हणजे १४३ वॉट मिळतात. सिरीजमध्ये करंट साडेपाचच, म्हणजे जेमतेम ७१ वॉट. दुसरं पॅनेल फुकट गेलं! वर उघडे ४४ व्होल्ट कंट्रोलरच्या मर्यादेपलीकडे गेले, तर तो जळतो ते वेगळंच.

एमपीपीटी जादा व्होल्टेजचं करंटमध्ये रूपांतर करतो, म्हणून तिथे मी सिरीज निवडेन. मुंबईच्या उन्हात सेल साठ अंशांवर तापतात आणि १८ चे साडेपंधरा व्होल्ट होतात. काही एमपीपीटींना चार्जिंग सुरू करायला बॅटरीपेक्षा पाच व्होल्ट जास्त लागतात. पॅरललमध्ये तापलेल्या पॅनेलांच्या उघड्या व्होल्टेजवर ते जेमतेमच मिळतात. शिवाय गच्चीवरून खाली दहा मीटर वायर, जाऊन-येऊन वीस. चार चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये अकरा अँपिअरला बारा वॉट जळतात, साडेपाचला फक्त तीन. थंडीत उघडं व्होल्टेज वाढतं, पण आपल्याकडे पंधरा अंशांनाही ते ४५ च्या पुढे फारसं जात नाही. पंचाहत्तर व्होल्टचा कंट्रोलर निर्धास्त. पन्नासचा मला काठावरचा वाटतो.

अपवाद सावलीचा. पाण्याच्या टाकीची सावली रोज तासन् तास एका अख्ख्या पॅनेलवर पडत असेल, तर सिरीजमध्ये बायपास डायोडमुळे ते वगळलं जातं आणि उरलेले साडेपंधरा व्होल्ट पुन्हा अपुरे ठरू शकतात. पॅरलल करूनही व्होल्टेज तेवढंच राहतं, म्हणून आधी पॅनेल हलवून पाहा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डब्यावर ‘एमपीपीटी’ छापलंय म्हणून आत एमपीपीटी असेलच असं नाही. भर दुपारी, बॅटरी अर्धी रिकामी असताना, पॅनेलं पॅरललमध्येच ठेवून मल्टीमीटर आधी कंट्रोलरच्या पॅनेल टोकांवर लावा, मग बॅटरी टोकांवर. दोन्हीकडे तेराच्या आसपास आलं, तर आत पीडब्ल्यूएम आहे, जोडणी तशीच राहू द्या. पॅनेलकडे पंधरा-सोळा व्होल्ट दिसले, तरच सिरीजचा विचार करा. जोडणी बदलताना आधी पॅनेलं जाड कापडाने झाका. चालू करंटवर कनेक्टर ओढला, की डीसीची ठिणगी विझता विझत नाही.