काना-मात्रा आणि उभी रेघ

मंडळी, आयोजकांनी वीस मिनिटं दिलीत, म्हणजे नाशिकच्या हिशेबाने चहासकट पंचवीस. विषय आहे, तक्त्याच्या फोटोवरून दस्तऐवजात तक्ता कसा उतरवायचा. पण आधी माझं एक जुनं दुखणं ऐका.

आमच्या मंडळींच्या द्राक्षाच्या माहितीसाठी एकाने भिंतीवरच्या तक्त्याचा फोटो पाठवला. डावीकडे रंग, उजवीकडे जात. ‘पांढरी’ हा शब्द एकदाच लिहिलेला, त्याचा कप्पा दोन ओळींना मिळून: थॉम्पसन सीडलेस आणि तास-ए-गणेश. खाली काळी, शरद सीडलेस. मी उत्साहाने रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमधली, म्हणजे साध्या मजकुरात खुणा टाकून दस्तऐवज लिहायच्या पद्धतीतली, चौकट घेतली, अधिक आणि उण्याच्या चिन्हांची, आणि अर्धी रात्र उभ्या रेघा एकाखाली एक लावत बसलो. पडद्यावर रांगोळीसारखं दिसत होतं. चालवलं, तर उत्तर आलं: `Malformed table.` हिनं विचारलं, “द्राक्षं आंबट निघाली का?”

चूक कुठे होती? आपण अक्षरं मोजतो, यंत्र खुणा मोजतं. ‘काळी’ आपल्याला दोन अक्षरं दिसतात, पण क, काना, ळ, वेलांटी मिळून यंत्रासाठी चार. रेघ डोळ्यांनी जुळवली की यंत्राच्या मोजणीत ती सरकते. इंग्रजी तक्ता करणाऱ्याला हे कधीच सोसावं लागत नाही, हे माझं गाऱ्हाणं नोंदवून घ्या.

मग रेघाच नकोत. `list-table` घ्या, तिथे जुळवाजुळव नाही:

```
.. list-table::
   :header-rows: 1

   * - रंग
     - जात
   * - पांढरी
     - थॉम्पसन सीडलेस
   * - पांढरी
     - तास-ए-गणेश
   * - काळी
     - शरद सीडलेस
```

‘पांढरी’ दोनदा लिहिलंय, कारण इथे कप्पे जोडता येत नाहीत. प्रत्येक ओळीत कप्पे सारखेच हवेत. एक विसरलात तर कोणत्या ओळीत किती सापडले, ते यंत्र सांगतं. हा तंटा मला आवडतो, जागा तरी कळते.

(समोरून चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटं. बरं.)

भरभर सांगतो. फोटोतला मजकूर काढायला:

```
tesseract takta.png takta -l mar --psm 6
```

फोटो तिरका असेल तर आधी सरळ करा. हे फक्त मजकूर देतं, जोडलेला कप्पा त्याला कळत नाही. ‘पांढरी’ कुठल्या तरी एकाच ओळीत येईल. म्हणून मूळ फोटो शेजारी ठेवून एकजण मोठ्याने वाचतो, दुसरा बघतो, आकडे तर दोनदा. विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकीत मात्र कप्पा जोडता येतो:

```
{| class="wikitable"
! रंग !! जात
|-
| rowspan="2" | पांढरी || थॉम्पसन सीडलेस
|-
| तास-ए-गणेश
|-
| काळी || शरद सीडलेस
|}
```

तास-ए-गणेशच्या ओळीत एकच कप्पा आहे, तिथे ‘पांढरी’ पुन्हा लिहिलंत तर एक जादा स्तंभ उगवतो. पुढचे प्रश्न चहाच्या टेबलावर, चिठ्ठीवाले उभे राहिलेत.