लडाखची सहल: पहिले दोन दिवस लेहमध्येच

खानापूर तालुक्यात जून ते सप्टेंबर पाऊस ठाण मांडून बसतो आणि कणकुंबीच्या बाजूला तर काही हजार मिलिमीटर पाणी कोसळते. याउलट हिमालयाच्या पलीकडे, पर्जन्यछायेतल्या लेह शहरात वर्षभराचा पाऊस सुमारे 100 मिलिमीटरच्या आसपास राहतो. त्यामुळे बेळगाव, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातून लडाखला जाणाऱ्या मंडळींचा हंगामही हाच असतो. प्रश्न हवामानाचा नसून उंचीचा आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटरवर आहे आणि लेह 3,500 मीटरवर. सांबऱ्याहून दिल्लीला उतरल्यावर तर आपण आणखी खाली, जेमतेम 200 मीटरवर येतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वा तासाच्या विमानप्रवासात एकदम सव्वातीन हजार मीटर वर चढतो.

लेहच्या हवेत ऑक्सिजनचे प्रमाण आपल्या इथल्याएवढेच असते; पण हवेचा दाबच कमी असल्याने प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या मानाने दोन-तृतीयांशाच्या आसपास भरतो. शरीर लगेच श्वास वाढवते. मात्र जोराच्या श्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइडही जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होऊ लागते आणि मेंदूतले श्वासाचे केंद्र ‘आता पुरे’ म्हणून हात आखडते. दिवसा हे फारसे जाणवत नाही. झोपेत मात्र श्वास मध्येच थांबतो, मग धापेने सुरू होतो आणि माणूस दचकून जागा होतो. यातून सुटका मूत्रपिंडे करतात. ती जादा बायकार्बोनेट लघवीवाटे बाहेर टाकतात, रक्ताचा तोल सावरतो आणि श्वास पुन्हा मोकळेपणाने वाढू शकतो. या कामाला दोन-तीन दिवस लागतात आणि त्याला घाई करता येत नाही. पहिले दोन दिवस हलके ठेवायचे ते यासाठीच. त्या दिवसांत वारंवार लघवीला जावे लागले तर घाबरू नये, शरीर मार्गावर असल्याचीच ती खूण असते.

इथे आपल्याकडच्या एका समजुतीला धक्का बसतो. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर रोज फेऱ्या मारणारा किंवा तालमीत घाम गाळणारा माणूस उंचीला आपोआप तोंड देईल, असे नाही. उलट, असा तरुण पहिल्याच दुपारी सामान खांद्यावर टाकून लेहच्या राजवाड्याच्या पायऱ्या चढायला निघतो आणि रात्री डोके धरून बसतो.

आता एक प्रत्यक्ष आखणी पाहू. टिळकवाडीतले एक कुटुंब धरू या: पासष्टी ओलांडलेले आजोबा, त्यांचा मुलगा, सून आणि चौदा वर्षांची नात. हाती आलेल्या सहा दिवसांच्या कार्यक्रमात दुसऱ्याच दिवशी खारदुंग ला ही खिंड ओलांडून नुब्रा खोरे आणि तिसऱ्या दिवशी पँगाँग सरोवराकाठी मुक्काम आहे. हा कार्यक्रम तपासताना बघायची ती मुक्कामाची उंची. दिवसा खिंडीवर पंधरा मिनिटे थांबणे वेगळे आणि रात्रभर उंचावर झोपणे वेगळे. 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका रात्रीत 500 मीटरपेक्षा जास्त चढू नये, हा गिर्यारोहण-वैद्यकातला सर्वमान्य दंडक आहे. नुब्रातले हुंदर सुमारे 3,100 मीटरवर, पँगाँगचा काठ 4,250 मीटरवर. म्हणजे इथे एका रात्रीत अकराशे मीटरची उडी पडते.

दुसरी अडचण नकाशावर बारकाईने पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. उंचीच्या आजारावर खात्रीचा उपाय खाली उतरणे हा आहे; परंतु नुब्रातून लेहच्या रुग्णालयाकडे येताना सुमारे 5,350 मीटरवरची खारदुंग ला पुन्हा चढावी लागते. लेहहून मनाली आणि श्रीनगर या दोन्ही रस्त्यांवर 4,000 मीटरच्या वरच्या खिंडी आहेत. खिंड न ओलांडता खाली जाण्याची सोय फक्त सिंधूच्या काठाने आल्ची-खाल्त्सेकडे आहे, आणि तीही थोडीच. म्हणून आजाराची शक्यता सर्वांत जास्त असलेल्या रात्री लेहमध्ये, सोनम नोरबू स्मृती रुग्णालयाच्या आवाक्यात, काढणे शहाणपणाचे.

या कुटुंबाची नवी आखणी अशी. पहिल्या दिवशी विमानतळावरून थेट मुक्कामावर. खोली शक्यतो तळमजल्याची, हलके जेवण, बसून गप्पा, दारू आणि झोपेच्या गोळ्या अजिबात नाहीत. दुसऱ्या दिवशी उशिरा नाश्ता आणि संध्याकाळी लेहच्या बाजारात संथ फेरी. शांती स्तूप पाहायचाच असेल तर पायऱ्यांनी नव्हे, गाडीने. तिसऱ्या दिवशी लेहपेक्षा खाली असलेल्या आल्चीच्या प्राचीन मठाला भेट देऊन रात्री परत लेह. हा तिसरा दिवस मुद्दाम असा ठेवला आहे की कोणाला बरे नसेल तर तो बिनबोभाट रद्द करता यावा. चौथी आणि पाचवी रात्र नुब्रात. सहाव्या दिवशी श्योक नदीच्या रस्त्याने निघून मुक्काम पँगाँगवर न करता सुमारे 3,900 मीटरवरच्या तांगत्से गावात करायचा आणि सातव्या सकाळी सरोवर पाहून चांग ला मार्गे लेहला परतायचे. हुंदरपेक्षा तांगत्से आठशे मीटर वर असले, तरी 3,500 मीटरवरच्या लेहमध्ये आधीच तीन रात्री काढलेल्या असल्याने खरा चढ चारशे मीटरचाच ठरतो. सरोवराकाठच्या तंबूतली रात्र हुकते, हे खरे. पण आजोबांसाठी तो सौदा वाईट नाही.

पहिल्या रात्री काय बिघडते? सहा ते बारा तासांनंतर डोके ठणकू लागते, मळमळते, जेवण नकोसे होते. आपल्याकडे यावर लगेच निदान होते: पित्त झाले, प्रवासाने दमलो. उंचीवर मात्र उलट धरून चालावे. दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत ही डोकेदुखी उंचीचीच. अशा माणसाने आणखी वर जाऊ नये, बहुधा दिवस-दोन दिवसांत उतार पडतो. फरशीच्या सरळ रेषेवर एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना लावत चालायला सांगितल्यावर तोल जात असेल, माणूस असंबद्ध बोलत असेल, किंवा स्वस्थ बसूनही धाप लागत असेल आणि खोकला वाढत असेल, तर मेंदूला किंवा फुप्फुसांना सूज आल्याची ती लक्षणे समजावीत आणि सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. फुप्फुसांचा त्रास पुष्कळदा दुसऱ्या ते चौथ्या रात्री डोके वर काढतो, त्यामुळे पहिली रात्र निभावली म्हणून सैल सोडता येत नाही. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर लेहमध्ये नव्वदीच्या खालचा आकडाही निरोगी माणसात दिसतो. शिवाय थंड बोटांवर तो चुकतो. आकड्यापेक्षा माणसाकडे पाहावे.

असेटाझोलामाइड हे औषध मूत्रपिंडांच्या वर सांगितलेल्या कामाला वेग देते. प्रतिबंधासाठी मोठ्यांना साधारणपणे 125 मिलिग्रॅमची मात्रा दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. मात्र सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी आणि आजोबांसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी घरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये. ही भेट निघण्याआधी दोन आठवडे बेळगावातच उरकावी. भरमसाठ पाणी प्याल्याने उंची बाधत नाही, ही मात्र ऐकीव गोष्ट. कोरड्या हवेमुळे तहानेपेक्षा थोडे जास्त पाणी प्यावे, इतकेच.

आठवी रात्रही लेहमध्ये ठेवली आहे. लेहची विमाने हवामानामुळे रद्द होतात आणि ती बहुतेक सकाळीच उडत असल्याने एक सकाळ हुकली की दिवस जातो. त्यामुळे दिल्लीहून सांबऱ्याचे परतीचे तिकीट लेह सोडण्याच्या दिवशीचे न काढता दुसऱ्या दिवशीचे काढावे.