सकाळी सातच्या आत वीज गेली: हॉटेल मॅनेजरची पहिली सकाळ

नमस्कार. आज मी महाबळेश्वरच्या 32 खोल्यांच्या एका हॉटेलात नव्याने रुजू झालेल्या मॅनेजरच्या पहिल्या सकाळची गोष्ट सांगणार आहे. गोष्ट त्याच्याच तोंडून ऐकावी अशी आहे, म्हणून मी ती तशीच सांगतो.

जुलै महिना होता आणि रात्रभर पाऊस कोसळत होता. मी साडेसहाला कामावर हजर झालो आणि 6.50 ला वीज गेली. पावसाळ्यात झाडाची फांदी तारांवर पडून असे होतच असते, त्यामुळे जनरेटर आपोआप सुरू होईल या भरवशावर मी काउंटरपाशीच थांबलो. वीज गेल्याचे ओळखून इंजिन चालू करणारे पॅनेल हे काम साधारणपणे 10 ते 15 सेकंदांत करते. मात्र पूर्ण मिनिट उलटले तरी आवाज आला नाही. मी आधी लिफ्टकडे धावलो. ती स्वतःच्या बॅटरीवर जवळच्या मजल्याला येऊन दार उघडून थांबली होती आणि आत कोणी नव्हते.

मी परतलो तेव्हा लॉबीत वीसेक पाहुणे जमले होते. खोल्यांबाहेरचे बोळ काळोखे होते आणि उजेड फक्त रिसेप्शनच्या इन्व्हर्टरवर होता, म्हणून सगळे तिथेच आले. एकांना आठची बस गाठायची होती, तर कोणाच्या डोक्याला शॅम्पूचा फेस तसाच होता. मी सर्वांना सांगितले, “पाच मिनिटांत वीज येईल.” हे वाक्य कशाच्याही आधाराने बोललेले नव्हते. पाच मिनिटांनी तेच वीस लोक माझ्याकडे पाहत होते आणि आता त्यांचा माझ्या शब्दावर विश्वास उरला नव्हता.

रिसेप्शनवरच्या अनुभवी ताई हळूच म्हणाल्या, “सर, वीज कधी येईल ते सांगू नका. तुम्ही पुन्हा कधी येऊन सांगाल, ते सांगा.” मी तसेच केले: “बिघाड जनरेटरमध्ये आहे आणि आम्ही तो शोधत आहोत. साडेसातला मी इथेच उभा राहून पुढचे सांगेन.” लॉबीतला आवाज खाली आला, कारण आता लोकांना वाट कशाची पाहायची ते कळले होते.

ताईंनी रात्री हिशेब बंद करताना छापलेली खोल्यांची यादी पुढे केली. तळमजल्यावरच्या 6 क्रमांकासमोर शेरा होता: “आजोबा, ऑक्सिजनचे यंत्र.” आम्ही काउंटरवरचा संगणक बंद करून इन्व्हर्टरवरून त्यांच्या खोलीपर्यंत वायर नेली. ती कागदी यादी नसती, तर त्या आजोबांची आठवण कोणाला केव्हा झाली असती, हा विचार आजही मला अस्वस्थ करतो. निघणाऱ्यांची बिले ताईंनी त्याच यादीवरून हाताने लिहून दिली.

मागे इलेक्ट्रिशियन मामा जनरेटरशी झटत होते. बटण दाबले की नुसते ‘टक-टक’ होई आणि इंजिन फिरत नसे. असा आवाज आला की बहुतेक वेळा स्टार्टरला पुरेसा करंट मिळत नाही, असे समजावे. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवा थर चढला होता. तो खरवडून पुन्हा पाहिले, तरी काही उपयोग झाला नाही. मीटर लावला तर 11.4 व्होल्ट भरले, आणि भरलेली बॅटरी सुमारे 12.6 दाखवते. बॅटरी चार्ज करणाऱ्या चार्जरचा स्विच पॅनेलमध्ये बंद राहिला होता. तो कधी बंद झाला, हे कोणी पाहिलेच नव्हते.

साडेसातला मी लॉबीत जाऊन स्पष्ट सांगितले की जनरेटर अजून सुरू झालेला नाही, बॅटरी उतरली आहे आणि हॉटेलच्या जीपची बॅटरी जोडून आम्ही प्रयत्न करणार आहोत. कोणी रागावले नाही.

जीपची 12 व्होल्टची बॅटरी जोडल्यावर मी बटणाकडे हात नेला, तेव्हा मामांनी मला थांबवले. “साहेब, आधी गीझर काढा.” आमचा जनरेटर 62.5 केव्हीएचा, म्हणजे सुमारे 50 किलोवॉटचा होता. सकाळी 32 खोल्यांतले प्रत्येकी 2 किलोवॉटचे गीझर चालू राहिलेले असणार, म्हणजे तेच 64 किलोवॉट झाले. सगळा भार एकदम आला असता तर ब्रेकर पडला असता आणि लॉबीला दुसऱ्यांदा अंधार पाहावा लागला असता. आम्ही तिन्ही मजल्यांच्या बोर्डांवरचे गीझरचे स्विच खाली केले आणि मगच इंजिन चालू केले. 7.42 ला दिवे लागले.

दिवे, पाण्याचे पंप आणि स्वयंपाकघर मिळून 20 किलोवॉटच्या आसपास जात होते. वरच्या दोन मजल्यांवर प्रत्येकी 12 खोल्या होत्या, म्हणजे एका मजल्याचे 24 किलोवॉट. त्यामुळे एका वेळी एकाच मजल्याला गरम पाणी देता येत होते. तळमजल्याला लगेच, पहिल्याला आठला आणि दुसऱ्याला सव्वाआठला, अशी पाळी मी लॉबीतल्या फळ्यावर लिहिली.

शॅम्पूचा फेस पुसत उभ्या असलेल्या काकूंनी विचारले, “आमचा दुसरा मजला, म्हणजे सव्वाआठला नक्की ना?” मी हो म्हणालो, आणि 8.14 ला दुसऱ्या मजल्याच्या बोर्डापाशी जाऊन उभा राहिलो.