आत्या कधी जाते?

मंडळी, विषय तुम्हाला पत्रिकेत कळलाच आहे. गद्यात लिहिलेला नाटकाचा खर्डा संहितेच्या रूपात कसा आणायचा. पण त्याआधी मला आत्याची गोष्ट सांगू द्या, कारण हे सगळं मी तिच्याकडून शिकलो.

माझी पहिली एकांकिका मी आधी कथेसारखी लिहिली होती. मग जिथे जिथे ‘म्हणाला’ होतं तिथे पात्राचं नाव आणि पुढे विसर्गासारखी दोन टिंबं, बाकीची वाक्यं कंसात, असं करून संहिता झाली असं मी धरून चाललो. पहिलं वाचन झालं. सगळे वाचताहेत, हसताहेत. आत्याचं काम करणाऱ्या बाई मात्र मागची पानं पुन्हा पुन्हा चाळत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, “मी कधी जाते?”

आत्या तिसऱ्या पानावर डबा घेऊन येते, दोन वाक्यं बोलते आणि त्यानंतर अकरा पानं तिचं नावच नाही. कथेत हे चालतं. तिथे मी ज्याच्याकडे बघतो तेवढाच माणूस असतो, नजर वळली की तो आपोआप नाहीसा होतो. रंगमंचावर तसं होत नाही. ती बाई खुर्चीवर बसलेली असते, प्रेक्षकांना दिसत असते, आणि माझ्या अकराव्या पानावर दोघं भाऊ तिच्यापासून लपवायची गोष्ट तिच्याच समोर बोलत असतात!

दोन दिवस तिला आत पाठवायला निमित्त शोधलं. मग तिला तिथेच ठेवलं, मटार सोलत. भावांना हलक्या आवाजात बोलावं लागलं, वाक्यं अर्धवट तुटली, आणि प्रवेश तिथे उभा राहिला. म्हणून माझा आग्रह असा की मांडणी बदलायच्या आधी एका कागदावर पात्रांची नावं लिहा आणि प्रत्येकापुढे कुठल्या पानावर येतो, कुठल्या पानावर जातो ते मांडा. ‘जातो’चा रकाना रिकामा दिसला की तिथे आत्या बसलेली आहे असं समजा.

आयोजकांनी चिठ्ठी पाठवली आहे, दहा मिनिटं उरली आहेत. तेव्हा प्रत्यक्ष कृती एका उताऱ्यावर दाखवतो. खर्ड्यात असं आहे:

“सुमन चहा घेऊन आली तेव्हा दादा खिडकीपाशी उभे होते. तीन वर्षांत ते या घरात आले नव्हते आणि आज फक्त सहीसाठी आलेत हे तिला ठाऊक होतं. साखर किती घालू असं तिनं विचारलं. दादा म्हणाले की साखर बंद होऊन दोन वर्षं झाली.”

आता पेन्सिल घ्या. दिसतं त्याखाली सरळ रेघ, ऐकू येतं त्याखाली नागमोडी रेघ. दोन्हीपैकी काहीच मिळालं नाही असं एक वाक्य उरतं, ‘तीन वर्षांत’वालं. नवखा लेखक ते उचलून कंसात टाकतो. पण कंस प्रेक्षक वाचत नाही. त्या वाक्याला एक तर वस्तू द्यायची, नाही तर तोंड, नाही तर ते काढून टाकायचं.

(दादा खिडकीपाशी, पाठमोरे. काखेत फाइल. सुमन आतून चहा घेऊन येते.)

सुमन : दोन चमचे ना?

दादा : बंद आहे. दोन वर्षं झाली.

(सुमन चमचा बशीत ठेवते.)

सुमन : मला कुणी सांगितलं नाही.

दादा : (फाइल उघडत) या तीन ठिकाणी सही कर.

तीन वर्षांचा दुरावा साखरेत आला, सहीचं कारण फाइलमध्ये. भूतकाळाचा वर्तमान झाला, ‘असं तिनं विचारलं’ गळलं. कंसात ‘रागाने’, ‘दुःखाने’ नाही, हे बघा. ‘चमचा बशीत ठेवते’ हे नटीला करता येतं. ‘दुखावते’ लिहिलं, तर काय करायचं ते तिलाच शोधावं लागतं. रागावलेलं वाक्य शांतपणे म्हणायचं असेल, शब्दांवरून ते कळणार नसेल, तेव्हाच भावाचा कंस घाला.

राहिलेलं भराभर सांगतो. पात्राचं नाव सगळीकडे एकच ठेवा. एका पानावर दादा आणि दुसऱ्यावर वसंतराव झालं की वाचनात दोघं जण तोंड उघडतात. प्रकाश आणि आवाजाच्या सूचना स्वतंत्र ओळीवर हव्यात, संवादाच्या पोटात लपल्या तर प्रकाशयोजना करणाऱ्याच्या नजरेतून सुटतात. डावी-उजवी बाजू प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाची धरली आहे, हे पहिल्याच पानावर लिहा. आणि स्पर्धेची वेळ पानं मोजून ठरवू नका. चहा ओतायला, फाइल उघडायला लागणारा वेळ पानावर दिसत नाही, म्हणून घड्याळ लावून, हालचालींसकट वाचा.

हे वाचन गोष्ट माहीत नसलेल्या माणसांकडून करून घ्या. स्वतः गप्प बसा, आणि कोण कुठल्या ओळीवर थांबून “म्हणजे मी कुठे आहे?” असं विचारतो, तेवढंच टिपून घ्या. त्या प्रश्नांची उत्तरं त्यांना तोंडी देऊ नका, त्या ओळीवर लिहा.